उत्तर: कोनमापकाशिवाय ६०°

> कोनमापक न वापरता ६०° चा कोन घडीतून कसा आणायचा? आणि तो ६०° च आहे हे आठवीच्या मुलांना कसं पटवायचं?

चौरस कागदाला मधोमध उभी घडी घालून उलगडा. खालचे कोपरे अ आणि ब. ब जागीच धरून अ उचला आणि मधल्या घडीवर टेकवा. नवी घडी नेमकी ब मधूनच जायला हवी. अ टेकला तो बिंदू प. बप म्हणजे मुळातली बअ हीच कड, म्हणून लांबी तीच. मधली घडी अब चा लंबदुभाजक, म्हणून पअ = पब. त्रिकोण अबप समभुज झाला, म्हणजे त्याचा प्रत्येक कोन ६०°! नवी घडी ब कोनाची दुभाजक, म्हणजे ३०° ही फुकटात मिळाला. पडताळ्यासाठी कागद उलगडून दुसऱ्या बाजूने ब टेकवा. तो प वरच यायला हवा. नाही आला तर बहुतेक घडी कोपऱ्यातून सरकलेली असते.