मदत हवी आहे: जॅकोबी रोटेशनमध्ये शून्य केलेली जागा पुन्हा भरते, तरी बेरीज घटते कशी?

3×3 सममित मॅट्रिक्स: कर्णावर 2, 2, 5; a12 = 1, a23 = 1, a13 = 0. पहिलं रोटेशन 45° चं. a12 शून्य झालं, पण a13 शून्याचं −0.71 झालं आणि a23 0.71 वर आलं! कर्णाबाहेरच्या नोंदींच्या वर्गांची बेरीज मग तपासली. वरच्या त्रिकोणात ती 2 वरून 1 झाली, म्हणजे बरोबर a12² इतकीच घटली. a13 आणि a23 फक्त आपसात फिरतात, त्यांच्या वर्गांची बेरीज तीच राहते, इथवर पटलं.

दर वेळी सर्वांत मोठी नोंद निवडली तर बेरीज निदान एक तृतीयांशाने घटणारच. मी मात्र ओळीने (1,2), (1,3), (2,3) जातो. पाळी आलेली नोंद नेमकी नगण्य असेल, तर त्या फेरीत घट कशाच्या जोरावर? कोन ±45° च्या आत ठेवणं पुरेसं आहे का? सिद्धतेचा धागा कुणी उलगडून सांगेल का?