मदत हवी आहे: भांडण मिटवायला जातो आणि तिथेच भडका उडतो

खडीसाखर

लग्नाला 11 वर्षं झाली. दोघंही नोकरी करतो, मुलगी 8 वर्षांची. भांडणं होतात, त्याचं काही नाही. माझी अडचण अशी की भांडण हाताबाहेर चाललंय हे मला मधेच कळतं, ते थांबवायला मी काहीतरी बोलतो आणि नेमक्या त्या बोलण्यानेच पुढचं रामायण घडतं.

परवाच्या रविवारचं सांगतो. गावाहून काका-काकू चार दिवस यायचे आहेत. मी फोनवर "या की" म्हणून मोकळा झालो, बायकोला नंतर सांगितलं. तिच्या ऑफिसात मार्चअखेरची धावपळ चालू आहे.

ती: मला आधी विचारायचं तरी होतंस.
मी: विचारलं असतं तर नाहीच म्हणाली असतीस.
ती: म्हणजे मी माणूसघाणी आहे का?

इथे मला जाणवलं की आता वाढणार. म्हणून हात जोडून, जरा नाटकी आवाजात म्हणालो, "बरं बाई, चुकलो. पाया पडू का आता?" शप्पथ सांगतो, मला वातावरण हलकं करायचं होतं. ती म्हणाली, "तुला सगळ्याचा तमाशाच करायचा असतो." मग मी तिची नक्कल केली, तिने माझ्या आईवरून काढलं, मी तिच्या माहेरावरून. मुलगी दारात उभी होती. दोन दिवस अबोला.

तर काय बोलावं आणि नेमकं कधी? 'सॉरी म्हण' हा सल्ला नको, ते करून झालंय.

रानजाई

मार्चअखेरीला पाहुणे म्हणजे कठीणच हो. चार दिवस पोळ्यांना बाई लावा आणि एक दिवस सगळे बाहेर जेवा. निम्मा ताण तिथेच कमी होईल.

खडीसाखर

धन्यवाद, पण पोळ्यांचं होईल. तोंडाचं काय करू ते विचारतोय.

टेकडीवरचा

सोपं आहे. तोंड बंद, पायात चप्पल आणि बाहेर. 20 मिनिटांत डोकं थंड होतं, त्यावर संशोधन झालेलं आहे. मी 15 वर्षं हेच करतोय, आमच्याकडे शिवीगाळ म्हणून नाही.

पाणपोई

मी जोडप्यांच्या समुपदेशनाचं काम करते, म्हणून जरा लांब लिहिते.

टेकडीवरचा, 20 मिनिटं बरोबर, चप्पल चूक. तुम्ही म्हणता ते संशोधन बहुधा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांचं. सिएटलच्या प्रयोगशाळेत ते जोडप्यांना आपसातल्या वादाच्या विषयावर बोलायला बसवत आणि बोलताना दोघांची नाडी मोजत. ती साधारण 100 च्या वर गेली की माणसाला समोरच्याचं बोलणं धड ऐकू येत नाही, नुसता हल्ला दिसतो. एकदा त्यांनी यंत्र नीट करायचंय असं सांगून जोडप्यांना मधेच थांबवलं, अर्धा तास मासिकं वाचत बसवलं, विषयावर बोलायचं नाही म्हणून बजावलं. पुन्हा सुरू केलं तेव्हा नाडी उतरलेली होती आणि बोलण्याचा सूरही निवळला होता. पण तिथे बोलणं पुढे चालू होणार हे दोघांनाही ठाऊक होतं. तुम्ही न सांगता निघून गेलात तर घरात उरलेल्या माणसाला नुसतं दार आपटलेलं कळतं. शिवाय चालताना 'तिला काय सुनवायला हवं होतं' याचीच उजळणी करत राहिलात तर 20 काय, 40 मिनिटांनीही डोकं तापलेलंच राहतं.

आता खडीसाखर. तुम्हाला वेळ कळली होती, वाक्य चुकलं. "पाया पडू का" ही वरवर माफी आहे, पण तिला ऐकू आलं ते असं की 'तू फार मोठं काहीतरी मागतेयस, बघ किती हास्यास्पद दिसतंय'. थट्टा चालते, पण दोघांनाही हसू येईल अशी. जिच्या बोलण्याची थट्टा होते तिला तो टोमणाच वाटतो. आणि टोमण्यापासून नक्कल एका पावलावर असते, ते तुम्ही स्वतःच लिहिलं आहे. नक्कल, डोळे फिरवणं, 'तुझं खानदानच तसं' हे सगळं तुच्छतेच्या घरातलं. रागापेक्षा ते कितीतरी जास्त बोचतं.

भांडण निवळवणारं वाक्य स्वतःबद्दल असतं आणि ते लवकर यावं लागतं. त्याच संशोधकांनी नवविवाहित जोडप्यांची बोलणी तपासली, तेव्हा पहिल्या काही मिनिटांतच 'माझं चुकलं', 'तुझं समजतंय मला' असं म्हटलेलं जास्त लागू पडलं. मुद्दा पटवून द्यायचे प्रयत्न तेवढे लागू पडले नाहीत.

तुमच्या भांडणात अशा दोन जागा होत्या. पहिली तिच्या पहिल्याच वाक्यानंतर: "हो, आधी विचारायला हवं होतं." आणि तिथेच थांबायचं, 'पण' लावायचा नाही. ती हुकली तरी 'माणूसघाणी'नंतर दुसरी होती: "थांब, मी वाकडं बोललो. परत सांगतो." यात काका-काकूंचा प्रश्न सुटत नाही. तो नंतर बोलता येतो.

एक मात्र विचारते. दोघांपैकी कुणाला दुसऱ्याची भीती वाटते का, हात उचलला जातो का? तसं असेल तर ही वाक्यं उपयोगाची नाहीत, वेगळी मदत लागते. बायकांसाठी 181 हा हेल्पलाइन क्रमांक आहे.

खडीसाखर

नाही, तसं कधीच झालेलं नाही. त्या दुसऱ्या जागेचं पटलं. पण तिने ते झिडकारलं तर?

सांजवात

झिडकारतील! आमचंच सांगते. आम्ही शांत असताना एक खूण ठरवली होती, 'दूध उतू जातंय'. कुणीही म्हटलं की दोघांनी थांबायचं. सहा महिने मस्त चाललं, एकदा तर खरंच दूध उतू गेलं आणि दोघंही हसत सुटलो. मग नवऱ्याने ती खूण मी पैशांचा विषय काढला की वापरायला सुरुवात केली. विषय तिथेच बंद, पुन्हा कधी निघायचा नाही. आता ते शब्द ऐकले तरी माझी तिडीक उठते. तेव्हा खुणांवर फार भरवसा ठेवू नका.

पाणपोई

सांजवात, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय. खूण वाईट नाही, पण ज्याने थांबवलं त्यानेच वेळ सांगायची आणि त्या वेळेला विषय स्वतः काढायचा. "साडेनऊला बोलू" म्हटलं की साडेनऊला टीव्ही बंद. दोन वेळा टाळलं की खुणेचा अर्थ 'गप्प बस' असा होतो.

खडीसाखर, झिडकारण्याबद्दल: निम्मं काम ऐकणाऱ्याचं असतं. एरवी जवळीक असली की ओबडधोबड वाक्यही स्वीकारलं जातं, साचलेलं असलं की उत्तम वाक्यही फेटाळलं जातं. "तमाशा" हा शब्द त्या रविवारचा एकट्याचा वाटत नाही मला. पूर्वी कधी ती गंभीरपणे बोलत असताना तुम्ही हसण्यावारी नेलं होतं का, ते तिला विचारा. भांडण नसताना.

टेकडीवरचा

काल घरी विचारलं, मी बाहेर जातो तेव्हा तुला काय वाटतं. उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही.

खडीसाखर

विचारलं. तिने दोन वर्षांपूर्वीचं सांगितलं. तिची बढती हुकली त्या दिवशी मी मुलीसमोर तिच्या साहेबाची नक्कल करून तिला हसवायला गेलो होतो. मी तर विसरूनही गेलो होतो.

मग गुरुवारी गॅसच्या बुकिंगवरून वाजायला लागलं. कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर ड्रॉवरमध्ये होता, सहज बोटाला लावला तर नाडी 112. मी म्हणालो, "थांब, मी वाकडं बोललो." ती म्हणाली, "हे कुठून शिकून आलास?" मी गप्प. ती आत गेली. पण नक्कल नाही, माहेर नाही. साडेनऊला मी विषय काढला, पाच मिनिटांत मिटला.

आता राहिलं आईचं. तिचा विषय निघाला की नाडी बघायलासुद्धा वेळ मिळत नाही, पहिलं वाक्यच जिव्हारी लागेल असं बाहेर पडतं. तिथे कुणी काय करतं?