अनुभव लिहा: तेव्हाची तंगी, आताचं बरं चाललेलं

गावच्या शाळेची स्मरणिका निघतेय आणि माजी विद्यार्थ्यांकडून लहानपणाच्या आठवणी मागवल्यात. आपल्यातल्या बऱ्याच जणांचं लहानपण तंगीत गेलं, आता बरं चाललंय. हे लिहायला बसलं की एकतर रडगाणं होतं, नाहीतर सत्काराचं भाषण. तुम्ही कसं लिहिलंत?

आर्वीची सून
मी जिल्हा परिषदेत शिक्षिका. अशाच एका अंकासाठी लिहिलं होतं. लेख छापून आला तर पहिलं वाक्य माझं नव्हतंच: ‘गरिबीवर मात करून गगनभरारी घेतलेल्या…’ संपादकांची कृपा.

माझं मूळ असं होतं: ‘दिवाळीच्या सुट्टीत आम्ही बहिणी कापूस वेचायला जायचो. मजुरी किलोवर. वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला रुतायची, मग रात्री चुनात भाकर बुडवताना तिखट झोंबायचं. संध्याकाळी काट्यावर ओझं लागायचं आणि मालक दहिवराच्या ओलीचे म्हणून थोडं कापून घ्यायचा.’ बस. ‘हलाखी’ शब्द कुठेच नाही.

शेवटही तितकाच सपाट: ‘आता वर्ध्यात घर आहे, दोघांचे पगार आहेत, हप्ते फिटले.’

पण खरी मेहनत मधल्या परिच्छेदावर गेली. बहुतेक लेख भाकरीवरून थेट फ्लॅटवर उडी मारतात, आणि जिद्दीचे नगारे वाजतात ते त्याच फटीत. मी मधलं सगळं लिहिलं. मोठ्या बहिणीने आठवीत शाळा सोडली, तिच्या वेचणीच्या पैशातून माझे फॉर्म भरले गेले. डी.एड.ला नंबर लागला. मग शिक्षणसेवक म्हणून महिना 3000 रुपये मानधनावर तीन वर्षं काढली, त्यानंतर पूर्ण पगार. इतकं लिहिल्यावर फुशारकीला जागाच उरत नाही. माफीलाही नाही, कारण कोणाचं काही हिसकावलेलं नाही.

मूर्तिजापूरकर
आकडे अजिबात टाकू नयेत असं माझं मत. पगार लिहिला की फुशारकी, मजुरी लिहिली की सहानुभूती.

सालदाराचा पोर
अर्धं पटते भाऊ. आजचा पगार नका लिहू, कोणी विचारलाय? पण जुना आकडा लागतेच, फक्त एकटा नाही. माहा बाप सालदार होता. पाडव्याले साल ठरे, मालक आगाऊ पैसे देये, अन् ते पैसे मायच्या दवाखान्यात जाये. मंग वर्षभर त्याच पैशापायी राबे. नुसती सालाची रक्कम लिहिली तर आजच्या पोराले ते हसण्यावारी वाटन. त्याच वर्षी ज्वारीचं पोतं कितीले होतं ते संगं लिहा, मंग समजते. मायले विचारा, आकडे तिले पाठ रायतात.

बेलोऱ्याचे काका
आजकालच्या पोरांना किंमतच नाही हो. नातवाला पऱ्हाट्यांवर पाणी तापवायचं सांगितलं तर गिझर दाखवतो. आम्ही रोहयोवर खंत्या खोदल्या. मेट मोजायला आला की खंतीचा कोपरा तासून सरळ करायचो, नाहीतर माप कमी भरायचं.

आर्वीची सून
काका, विचारलं होतं कसं लिहायचं ते. पण तुमचं खंतीचं वाक्य मला द्या, ते असंच्या असं छापण्यासारखं आहे. नातवाचं तेवढं गाळा.

कोरडवाहू
माझी अडचण वेगळी. आमची बारा एकर होती, सातबारावर वडिलांचं नाव. पण कोरडवाहू, सोसायटीचं कर्ज थकलेलं, आणि कापसाचे पैसे हातात येईपर्यंत दुकानात उधारी. शाळेची चप्पल नव्हती. तरी आमच्या वावरात निंदायला येणाऱ्या बायांची पोरं माझ्याच वर्गात होती. मी ‘आम्ही गरीब होतो’ लिहिलं तर ते वाचून काय म्हणतील?

सालदाराचा पोर
हसतीन. चप्पल नव्हती ते लिहा, बारा एकरही लिहा. ‘गरीब’ लिहू नका, वाचणारा ठरवन.

कोरडवाहू
म्हणजे मला त्रास झालाच नाही का? बँकेचा माणूस अंगणात बसला की आई मागच्या दाराने निघून जायची, तेही खरंच आहे. ‘गरीब’ नाही तर काय म्हणू?

मूर्तिजापूरकर
ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही. आईचं लिहिण्याआधी आईला विचारलंत का?

आर्वीची सून
हे महत्त्वाचं. मी बहिणीला आधी वाचून दाखवलं होतं. वेचणीवर ती काही बोलली नाही. ‘शाळा सोडली’वर मात्र अडली, म्हणाली, ‘सोडली नाही, काढली. बाबांनी काढली, तसंच लिही.’ बाबा तेव्हा हयात होते, घरी अंक येणार होता. मी ‘सोडली’च ठेवलं. ती अजून त्यावर ऐकवते. तुम्ही काय केलं असतं?

बेलोऱ्याचे काका
बाबांनाही विचारायचं ना बाई. त्यांचीही काही बाजू असेल की.