प्रतिसाद: क्रेटचं डिपॉझिट आणि क्रेडिट नोट

> "सांगलीत दुकानांना सोड्याच्या बाटल्या देतो. क्रेटच्या डिपॉझिटवर जीएसटी लावायचा का? क्रेट परत आले की क्रेडिट नोट काढायची का?"

दोन्हीला नाही. परत द्यायचं डिपॉझिट ही मालाची किंमत नाही, म्हणून बिलात ते कराच्या बेरजेखाली वेगळ्या ओळीत दाखवा. तुमच्या खात्यात ती विक्री नव्हे, देणं आहे.

समजा 40 क्रेट गेले, दर 150 रुपये, म्हणजे डिपॉझिट 6000. पैकी 37 परत आले, तर वापसी पावती करून 5550 परत द्या किंवा पुढच्या बिलात वळते करा. क्रेडिट नोट काढलीत तर विक्री आणि कर विनाकारण घटतो. आमच्याकडे वर्षभर हेच चाललं होतं, ताळमेळ बसेना तेव्हा कळलं.

खरी मेख उरलेल्या तीन क्रेटमध्ये. हरवले म्हणून 450 जप्त केले, की त्या दिवशी ती रक्कम मोबदला ठरते. प्लास्टिक क्रेटला 18 टक्के, तेव्हा करासह 450 धरून कराचं बिल करा: 381.36 अधिक कर 68.64.

आणि प्रत्येक फेरीला ड्रायव्हरकडून रिकाम्या क्रेटची संख्या चलनावर सहीसह घ्या. दुकानदार "दिले की हो" म्हणाला की पुढे बोलताच येत नाही!