मदत हवी आहे: १० बाय १२ च्या खोलीला विटा, सिमेंट, रेती किती लागेल?

म्हसरूळकर
घरामागे आईसाठी एक खोली बांधतोय. जोतं भरून तयार आहे. खोली आतून १० बाय १२ फूट, उंची १० फूट, भिंत नऊ इंची. एक दार ३ बाय ७, एक खिडकी ४ बाय ४. वर पत्रा. माल मी आणून द्यायचा, मजुरी ठेकेदाराची. त्याने ५००० विटा, ४० गोण्या सिमेंट आणि ३ ब्रास रेती सांगितलीय. माणूस ओळखीचा आहे, पण आकडा मला स्वतःला कळायला हवा. हिशोब कसा मांडायचा?

गोदाकाठ
सोपं आहे. चारी भिंती मिळून ४४ फूट, गुणिले १० उंची, गुणिले पाऊण फूट जाडी, म्हणजे ३३० घनफूट. घनफुटाला १४ विटा धरायच्या. ४६२० झाल्या. फुटतूट धरून ५०००. ठेकेदार बरोबर सांगतोय.

साईटवरचा माणूस
गोदाकाठ, पद्धत बरोबर, पण १४ हा आकडा १९ बाय ९ बाय ९ सेंटीमीटरच्या विटेचा. भट्टीवरची वीट बऱ्याचदा त्याहून मोठी निघते. शिवाय ४४ फूट हे आतलं माप, त्यात कोपरे येत नाहीत. आणि दार-खिडकी वजा केलेली नाही.

म्हसरूळकर, आधी भट्टीवर जा. दहा विटा लांबीने एका ओळीत लावा, टेप धरा, दहाने भागा. रुंदी आणि जाडीचंही तसंच. एकच वीट मोजू नका, भाजताना प्रत्येक वेगळी आकसते. समजा ९ बाय ४ बाय ३ इंच आली. अर्ध्या इंचाचा सांधा धरला तर चौरस फूट भिंतीला पावणेनऊच्या आसपास विटा बसतात.

भिंतीची लांबी जाडीच्या मध्यातून मोजा: ४७ फूट. दहा फूट उंचीने ४७० चौरस फूट. दार-खिडकीचे ३७ आणि सहा इंची लिंटेल पट्ट्याचे साधारण २३ वजा केले की ४१० उरतात. म्हणजे ३५५० विटा, फुटतूट धरून ३७५०. पाच हजार नाही.

आता माल. भिंत ३०७ घनफूट, त्यात विटा २२२. उरलेले ८५ घनफूट सांधे. पाणी पडलं की कोरडा माल बसतो, म्हणून तीस टक्के वाढवा: ११० घनफूट. एकास सहा धरलं तर सोळा घनफूट सिमेंट. गोणी सव्वा घनफुटाची, म्हणजे १३ गोण्या. रेती जेमतेम १ ब्रास.

म्हसरूळकर
१३ कुठे आणि ४० कुठे! मग तो फसवतोय का?

साईटवरचा माणूस
लगेच तसं म्हणू नका. प्लास्टर राहिलंय. बाहेरून ४६३ चौरस फूट, २० मिलिमीटर जाड, एकास चार. आतून ४०३, १२ मिलिमीटर, एकास पाच. भिंतीतले खड्डे भरायचा वाढीव माल धरून ११ गोण्या आणि अर्ध्या ब्रासपेक्षा थोडी जास्त रेती. बांधकामाएवढंच सिमेंट इथे जातं, आणि घरमालक नेमकं हेच विसरतात. एकूण २४ गोण्या झाल्या. लिंटेलला चारेक, फरशीखालच्या काँक्रीटला आणखी काही. तरीही ४० होत नाहीत. त्याने स्लॅब धरलाय का, विचारा. पाच इंची स्लॅबला पंधराच्या घरात जातात.

सिडको_गच्ची
माझ्या गच्चीवर चार इंची पार्टिशन करायचंय, तर हाच हिशोब अर्धा करू का?

साईटवरचा माणूस
विटा निम्म्या, हो. पण पातळ भिंतीला एकास चारचा माल करा. आणि आधी खाली बीम आहे का बघा, विटांचं नंतर.

सिन्नरची_ताई
रेतीबद्दल एक सांगते, भाऊ. पावसानंतर आलेली ओलसर रेती फुगलेली असते, ट्रॉली भरलेली दिसते पण रेती कमी असते. आमच्या बांधकामाला असंच झालं. घमेल्यातून थोडी रेती घ्या, बादलीत काठोकाठ भरा, न दाबता. मग दुसऱ्या भांड्यात काढा, बादली अर्धी पाण्याने भरा, तीच रेती परत टाका आणि ढवळा. पातळी जितकी खाली जाईल तितकी रेती कमी मिळाली. चौथा भाग खाली गेला तर ३ ब्रासमध्ये खरी सव्वादोनच आहे. क्रश सँड असली तरी तपासा, ती धुतलेली ओली येते.

गोदाकाठ
एकास सहा नऊ इंचीला चालतं, मान्य. पण विटेवरचा खळगा खोल असेल तर माल जास्त जातो. मी १५ गोण्या धरेन.

साईटवरचा माणूस
खळगा खोल असेल तर हो, त्यावर वाद नाही.

म्हसरूळकर
ठेकेदाराशी बोललो. स्लॅब धरलाच होता, पत्रा त्याच्या लक्षात नव्हता. विटांच्या ५००० वर मात्र अजून ठाम आहे. म्हणतो, भट्टीवरून अर्धवट भाजलेल्या येतात, निवडताना टाकाव्या लागतात. इतक्या टाकाव्या लागतात का? उद्या टेप घेऊन भट्टीवर जातोय.