मदत हवी आहे: जेंटामायसिन ३६ तासांनी? पुढचा डोस नेमका केव्हा द्यायचा?

मेळघाटची_सिस्टर

नमस्कार. जनरल वॉर्डातून एसएनसीयूत नुकतीच आले आहे. ३२ आठवड्यांचं बाळ, वजन १५०० ग्रॅम, आज तिसरा दिवस. संसर्गाच्या संशयावरून अँपिसिलिन आणि जेंटामायसिन चालू आहे. डॉक्टरांनी शीटवर लिहिलंय: जेंटामायसिन ६.७५ मिग्रॅ, दर ३६ तासांनी. पहिला डोस काल सोमवारी सकाळी १० ला दिला. आज सकाळच्या पाळीतल्या जुन्या सिस्टर म्हणाल्या, "जेंटा दिवसातून एकदा असते, आजची राहून गेली, देऊन टाक." शेजारच्या पूर्ण दिवसाच्या बाळाला खरंच रोज चालू आहे. आजीसुद्धा विचारून राहिली की आमच्याच लेकराला सुई कमी काहून. डॉक्टर सिझेरियनमध्ये आहेत. मी अजून दिली नाही. बरोबर केलं ना? आणि ३६ तासांचं वेळापत्रक शीटवर लिहायचं कसं? आमच्या शीटवर तर सकाळ-दुपार-रात्र असेच रकाने आहेत.

औषधीवाला_यवतमाळ

ताई, थांबलात ते चांगलं केलं. जेंटा किडनीतून बाहेर पडते आणि एवढ्या लहान बाळाची किडनी कच्ची असते. पण मग डोस कमी करायला पाहिजे ना? किलोला ४.५ म्हणजे मोठ्या माणसाच्या हिशोबाने जवळपास भरपूरच झाली. मी म्हणेन, अर्धी करून रोज द्या. सोपंही पडेल.

बालरोग_वर्धा

सिस्टर, देऊ नका. पुढचा डोस आज मंगळवारी रात्री १० ला. त्यानंतर गुरुवारी सकाळी १०, मग शुक्रवारी रात्री १०. रकान्यात "सकाळ" किंवा "रात्र" लिहू नका, वार, तारीख आणि तास लिहा आणि पुढचे तीन डोस आत्ताच लाल पेनाने मांडून ठेवा. पाळी बदलली की डोस एक तर चुकतो, नाही तर दोनदा जातो. डॉक्टर ओटीतून आले की त्यांची सही घ्या.

औषधीवाले भाऊ, तुमचं अर्धं बरोबर. किडनी कच्ची आहे, म्हणून औषध हळू उतरतं. पण अर्धा डोस रोज दिला तर दोन्हीकडून नुकसान. जेंटामायसिन जंतू मारते ती रक्तातली पातळी एकदा चांगली उंच गेली तर. अशा बाळाच्या अंगात वजनाच्या ८० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं आणि जेंटा त्या पाण्यातच पसरते. म्हणून किलोमागे डोस मोठा लागतो. अर्ध्या डोसात पातळी हवी तेवढी चढत नाही. उलट कानाला आणि किडनीला त्रास होतो तो पुढच्या डोसाआधी पातळी खाली न उतरल्यामुळे. त्यासाठी वेळ द्यायचा. डोस तोच ठेवून अंतर वाढवायचं ते एवढ्यासाठीच. शेजारचं बाळ पूर्ण दिवसांचं आहे, त्याची किडनी जास्त तयार आहे, त्याला २४ तासांनी चालतं. आजींना सांगा, सुई कमी नाही, पहिलीच अजून अंगात काम करून राहिली.

शंकासुर

पण एवढा वेळ मधे गेला तर जंतू परत डोकं वर काढतील ना? अँटिबायोटिकचा डोस चुकवू नये म्हणतात, रेझिस्टन्स होतो.

बालरोग_वर्धा

चुकवणं वेगळं आणि ठरवून लांबवणं वेगळं. जेंटाचा मारा एवढा असतो की पातळी खाली गेल्यावरही जंतू काही तास वाढत नाहीत. अँपिसिलिनचं तसं नाही, ते रक्तात टिकून राहावं लागतं. म्हणून ते बहुतेक ठिकाणी पहिल्या आठवड्यात १२ तासांनी आणि नंतर ८ तासांनी देतात. तेही किडनीतूनच जातं, म्हणून मोठ्या मुलांसारखं ६ तासांनी नाही.

मेळघाटची_सिस्टर

समजलं, आभार. आमच्याकडे ८० मिग्रॅ २ मिलीची बाटली आहे, लहान मुलांची संपली. काढायची कशी? आणि पातळी तपासायची सोय इथे नाही.

बालरोग_वर्धा

माझ्या मते तुमच्या प्रश्नातला सगळ्यात धोक्याचा भाग हाच. त्या बाटलीत मिलीला ४० मिग्रॅ आहे, म्हणजे ६.७५ मिग्रॅसाठी जेमतेम ०.१७ मिली काढावं लागेल. एवढं थोडं अचूक येत नाही. १ मिली घ्या, त्यात ३ मिली सलाईन मिसळा, मिलीला १० मिग्रॅ होतं. त्यातून १ मिलीच्या सिरिंजमध्ये ०.६८ मिली, सावकाश अर्ध्या तासात. पातळ न करताच ०.६८ मिली ओढलं तर २७ मिग्रॅ जातील, चौपट. दुसऱ्या सिस्टरकडून आकडा तपासून घ्या, लेबलवर "१० मिग्रॅ/मिली" लिहा.

पातळी नसेल तर लघवी बघा. ओला डायपर वजन करा. तासाला किलोमागे १ मिलीच्या खाली जात असेल तर पुढचा डोस द्यायच्या आधी डॉक्टरांना बोलवा. क्रिएटिनिन बघाल तेव्हा लक्षात ठेवा, पहिल्या दोन दिवसांचा आकडा बराचसा आईचाच असतो. तो चढत असेल तर काळजी. आणि फ्युरोसेमाइड सोबत असेल तर कानाचा धोका वाढतो, तेही सांगा.

आठव्या दिवशी मात्र शीट बदलेल. किडनी रोज सुधारत असते. काही तक्त्यांत तेव्हा किलोला ४ मिग्रॅ, दर २४ तासांनी आहे, म्हणजे ६ मिग्रॅ. कल्चर निगेटिव्ह आलं, बाळ ठणठणीत असेल, तर त्याआधीच औषध बंद होईल.

धामणगावचा_गजू

डॉक्टरसाहेब, विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. माझी पोरगी १२ दिवसांची. झटके आले म्हणून फेनोबार्बिटोनचं पातळ औषध दिलं, दिवसातून एकदा, रात्री. दुकानदार म्हणे झटक्याचं औषध सकाळ-संध्याकाळ असते, म्हणून चार दिवस दोनदा देऊन राहिलो. आता पोरगी दुधालाही उठत नाही.

बालरोग_वर्धा

गजूभाऊ, आजच दवाखान्यात न्या, उद्या नाही. बाटली आणि चिठ्ठी सोबत घ्या, किती मिली, किती वेळा, खरंखरं सांगा. पुढचा डोस डॉक्टर बघेपर्यंत देऊ नका, पण स्वतःहून कायमचा बंदही करू नका, झटके परत येऊ शकतात. श्वास थांबल्यासारखा वाटला, रंग निळा पडला तर १०८ ला फोन करा. हे औषध मुख्यतः यकृत मोडतं. पहिल्या आठवड्यात एकदा दिलेलं अर्धं उतरायलाच चार दिवसांच्या आसपास लागू शकतात. दोनदा दिलं की थरावर थर चढतो. पुढे यकृत वेग घेतं आणि तोच डोस कमी पडू लागतो, म्हणून पुन्हा तपासणीला बोलावतात.

धामणगावचा_गजू

निघालो. आभार.

पाळीचा_मेडिकल_ऑफिसर

सिस्टर, एक सांगतो. सगळीकडे ३६ तास नसतात. डब्ल्यूएचओच्या पुस्तिकेत पहिल्या आठवड्यात कमी वजनाच्या बाळाला किलोला ३ मिग्रॅ, दिवसातून एकदा आहे. तुमच्या जुन्या सिस्टर तेच शिकल्या असतील.

बालरोग_वर्धा

हो, तोही नियम आहे, जिथे गुंतागुंतीचं वेळापत्रक पाळणं अवघड तिथे. पण ४.५ मिग्रॅ रोज, हे मिश्रण नको. एका युनिटमध्ये एकच तक्ता भिंतीवर असावा. जन्मताच रडलं नाही अशा बाळाला ३६ तास पुरतील का, हे मात्र मी पातळी न बघता सांगू शकत नाही. तिथे मी लघवी बघून पुढचा डोस अडवतो.

मेळघाटची_सिस्टर

रात्री १० चा डोस लावला, डॉक्टरांची सही घेतली. लघवी तासाला किलोमागे दीड मिली आहे. जुन्या सिस्टरांनी आकडा तपासला, पण त्यांना अजून पटलं नाहीच. भिंतीवर कोणता तक्ता लावायचा ते मॅडम शनिवारच्या बैठकीत ठरवतील.