ध्रुपद, पालुपद, झील... आणि मोर्चात उरतो तो तुकडा?

लष्करवाली : निषेधगीतांवर एक लेख लिहितेय. एका जागी अडले. गाण्यात कडव्यामागून परत येणारी ओळ, तिला ध्रुपद म्हणायचं, पालुपद म्हणायचं की टेक? आणि मोर्चात कडवी गळून पडतात, त्या ओळीचा एक तुकडाच लोकांच्या तोंडी राहतो. त्या तुकड्याला मराठीत काय म्हणतात?

तानपुरा : ताई, ग्वाल्हेरात बसून हा प्रश्न? ध्रुपद म्हणजे राजा मानसिंग तोमरांच्या दरबारात वाढलेली गायकी. स्थायी, अंतरा, संचारी, आभोग. मोर्चाशी तिचा काय संबंध? पखावज घेऊन कुणी घोषणा देतं का!

मास्तरीणबाई : तानपुरासाहेब, त्या विचारतायत ते काव्यातलं ध्रुपद. मूळ शब्द एकच, ध्रुवपद, म्हणजे न हलणारं पद. तुम्ही म्हणता ते गायकीचं नाव झालं. मराठीत मात्र जुना अर्थ अभंगात जिवंत आहे. कीर्तनात पुढे गाणाऱ्यांचं 'धरावें धृपद' असं तुकोबांनी स्वतःच्या सुरुवातीबद्दल सांगितलंय. क्रियापद बघा, 'धरणे'. ध्रुपद गाणारा पुढे, धरणारे मागे. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या क्रियापदात आहे.

पालुपद तेच, पण बोलण्यात त्या शब्दाला कंटाळ्याचा वास लागलाय. 'झालं, यांचं पालुपद सुरू!' त्यामुळे गौरवाने लिहायचं असेल तर ध्रुपद बरं. टेक आपल्याकडे भजनी मंडळात ऐकू येतं, हिंदीच्या शेजारामुळे असेल.

कंपूकर : यात एवढं काय आहे? एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हटली की तिची घोषणा होते. दहा वेळा म्हणा, विसाव्या वेळी पब्लिक म्हणेल.

डफलीवाला : कंपूकर, पुनरावृत्ती लागतेच, ते बरोबर. पण तेवढ्याने होत नाही. मागे पाण्यासाठी मोर्चा निघाला त्याची गोष्ट सांगतो. कार्यालयाचं नाव राहू द्या. गाणं मी लिहिलं होतं, हिंदीत, कारण चालणारे बहुतेक हिंदीवालेच. ध्रुपद असं:

प्यासी गलियाँ पूछ रही हैं, कब बरसेगा नल से पानी

सोळा अधिक सोळा मात्रा, केहरव्यात चपखल. घरी तालमीत झकास वाजलं. रस्त्यावर पहिल्या कडव्यानंतर ओळ आली, तर पुढचे वीसेकजण सोडले तर कुणी तोंड उघडेना. दुसऱ्या वेळी लोक फक्त शेवट म्हणाले, 'नल से पानी'. शेवटच्या आठ मात्रा. अर्धी ओळ कानावर पडेपर्यंत माणसाला कळतं की आता आपल्याला काय म्हणायचंय, मग तो शेपटाला येऊन मिळतो. सुरुवात कुणाच्याच वाट्याला येत नाही.

तिसऱ्या वेळी मी हट्ट सोडला. 'कब बरसेगा?' एवढंच म्हणालो आणि थांबलो. समोरून 'नल से पानी!' आलं. मग मागून एका बाईंनी स्वतःचंच घातलं, 'इतवार को भी?' आणि लोक, 'नल से पानी!' कुणी 'तीजे माले पे?', कुणी 'अफसर के घर?'. त्या शेवटच्यावर हशा पिकला, कारण तिथे उत्तराचा अर्थच फिरला. माझी तीन कडवी वाऱ्यावर गेली. राग आला होता, खोटं कशाला बोलू.

लष्करवाली : म्हणजे पुढची जागा रिकामी आणि मागचं उत्तर कायम?

डफलीवाला : हो. 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' आठवा. 'झालाच पाहिजे' जमावाचं, त्याच्या आधी काय लावायचं ते पुढच्याचं. आजही कुठल्याही मागणीला ते शेपूट लागतं. त्यातला 'च' काढून म्हणून बघा, मूठ वर जात नाही. किंवा 'इन्किलाब' पुढच्याने म्हणायचं, 'झिंदाबाद' सगळ्यांनी. उत्तर लहान, शेवट ठणठणीत, आणि दोन्हींच्या मध्ये श्वास घ्यायला जागा. ती जागा सगळ्यात महत्त्वाची.

कंपूकर : जागा म्हणजे? शांतता? मोर्चात?

डफलीवाला : एक-दोन मात्रांची. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. मोर्चा 170 मीटर लांब असेल तर शेवटच्या माणसाला अर्धा सेकंद उशिरा ऐकू येतं. चालीची पावलं मिनिटाला 120 धरली तर अर्धा सेकंद म्हणजे एक अख्खं पाऊल. सलग ध्रुपद गायलं की मागचे एक पाऊल उशिरा गातात, त्यांचा आवाज पुढे यायला आणखी तेवढाच वेळ, आणि मध्ये चालणाऱ्याला दोन गाणी ऐकू येतात. शब्दांचा काला होतो. उत्तर छोटं असेल आणि त्यानंतर रिकामी जागा असेल तर मागचा उशीर त्या रिकाम्या जागेत जिरतो. बिघडतंय हे कसं कळतं? टाळ्या फाटतात. पुढे एक टाळी, मागे दुसरी. लाऊडस्पीकर एकाच जागी असेल तर हा प्रकार हमखास.

मास्तरीणबाई : वारीत हा घोळ का होत नाही ते आत्ता लक्षात आलं. प्रत्येक दिंडीचा मृदंग वेगळा, टाळकरी वेगळे. पालखीपुढच्या दिंडीने मागच्या दिंडीशी ताल जुळवायचा नसतोच. आणि जयघोष बघा, 'पुंडलिक वरदे' एकाने, 'हरि विठ्ठल' सगळ्यांनी.

तानपुरा : मग पोवाड्यातली झील? 'जी जी रं जी' तर आयतंच लहान आहे. त्याची घोषणा का नाही झाली?

डफलीवाला : चांगला प्रश्न. माझ्या मते दोन कारणं. झील धरायला झीलकरी शाहिराच्या मागेच उभे असतात, समोरच्यांसाठी जागा सोडलेली नसते. आणि 'जी जी'त मागणी नाही. ती शाहिराला दिलेली दाद आहे.

मास्तरीणबाई : दुसरं कारण मला पटत नाही. 'हरि विठ्ठल'मध्ये तरी कुठली मागणी आहे?

तानपुरा : आणि 'वुई शॅल ओव्हरकम'चं काय? 1945 मध्ये चार्ल्सटनच्या तंबाखू कामगारांच्या संपातून ते पुढे गेलं. त्यात शब्द किती थोडे, ओळ किती वेळा येते! तरी ते गाणंच राहिलं.

डफलीवाला : कारण ते संथ आहे, सूर लांब ओढलेले. उभं राहून, हात धरून गायचं गाणं ते. कडव्यात एकच ओळ बदलायची सोय त्यातही आहे, पण सगळे एकदम गातात, सवाल-जवाब नाही. घोषणा व्हायची तर ओळीचे दोन मालक लागतात.

लष्करवाली : बरं, पण शब्द राहिलाच की! मी 'घोषणा' लिहू?

मास्तरीणबाई : घोषणा मुळातच घोषणा म्हणून जन्मते. ही गाण्यातून गळून आलेली. मी 'गजर' लिहीन. एकच पद सगळ्यांनी मिळून घोळवायचं, हाच त्याचा अर्थ.

कंपूकर : गजर म्हटलं की मला पहाटेचं घड्याळ आठवतं, बाई. आमच्याकडे सरळ 'नारा' म्हणतात, मराठी घरातसुद्धा.

डफलीवाला : गजरात सवाल-जवाब नसला तरी चालतं, म्हणून मला तो अपुरा वाटतो. आम्ही साथीदार आपसात 'शेपूट' म्हणतो. 'शेपूट पब्लिककडे द्या.' लेखात शोभणार नाही, ठाऊक आहे.

लष्करवाली : शोभेल की. सध्या 'ध्रुपदाचं शेपूट' लिहून ठेवते, संपादकांनी खोडलं तर गजर. तानपुराकाका, आभोगाबद्दल वेगळं विचारेन.